आधी झडप, मग पाणी, आग शेवटी

फ्रान्समधल्या लियों शहराच्या दक्षिणेला फेझाँ नावाचं गाव आहे. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ रोजी, सकाळचे सात वाजायच्या आत, एक कामगार प्रोपेनच्या एका गोल टाकीखाली उभा होता. टाकी १,२०० घनमीटरची होती. काम नेहमीचं होतं. साठवलेल्या वायूबरोबर थोडं पाणी येतं, ते जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि अधूनमधून काढून टाकावं लागतं. त्यासाठी टाकीच्या बुडाला एक नळी असते आणि तिच्यावर एकाखाली एक अशा दोन झडपा असतात.

हे काम करायची ठरलेली पद्धत आहे. वरची झडप आधी पूर्ण उघडायची आणि पाण्याची धार खालच्या झडपेनं कमीजास्त करायची. त्यामागचं कारण कळलं तर पुढची सगळी गोष्ट कळते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू. ते दाबाखाली असतात म्हणूनच द्रव राहतात. दाब सुटला की ते उकळतात. प्रोपेन तर उणे ४२ अंशांनाच उकळतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या लोखंडातून ओढून घेतो, आणि ज्या झडपेतून तो निसटत असतो ती झडप बघता बघता गोठते. पाणी आणि प्रोपेन मिळून बर्फासारखा घट्ट गोळाही तयार होतो. धार खालच्या झडपेनं आवरली तर गोठेल ती खालची. वरची मोकळी राहील आणि ती फिरवून टाकी बंद करता येईल.

त्या सकाळी वरच्या झडपेशी खेळ झाला. पाणी जवळजवळ संपल्यावर कामगारानं ती बंद केली, मग पुन्हा जराशी उघडली. काहीच बाहेर येईना, म्हणून आणखी उघडली. आत अडकलेला बर्फाचा गोळा एकदम सुटला आणि प्रोपेनचा लोट बाहेर पडला. आता वरची झडप फिरेना. खालची बंद करावी हे त्याला लगेच सुचलं नाही, आणि सुचलं तोवर तीही उघडी असतानाच गोठली होती. टाकीत शेकडो टन वायू आणि तो थांबवायला एकही झडप नाही, अशी अवस्था काही मिनिटांत आली.

एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत, उताराच्या दिशेनं, गटारातून आणि चरांमधून सरपटत जाते. फेझाँत ती शेजारच्या महामार्गाकडे गेली. धोक्याची घंटा वाजवून वाहतूक थांबवायला सुरुवात झालीही होती, पण सुमारे १६० मीटर अंतरावरच्या एका मोटारीपाशी तिला ठिणगी मिळाली असावी, असं मानलं जातं. ज्वाला तिथून उलट धावत टाकीपर्यंत आली.

अशा गळतीत पांढरं धुकं दिसतं. पुष्कळांना वाटतं की धुकं म्हणजेच गॅस. खरं तर ते थंडीमुळे हवेतल्या बाष्पाचं झालेलं धुकं असतं. गॅस त्याच्या कडेच्याही पुढे गेलेला असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला तर हवा अपुरी पडते आणि तो पेटत नाही. पण ढगाचा गाभा न पेटणारा असला तरी त्याच्या कडेला कुठेतरी हे मधलं प्रमाण असतंच. म्हणून धुक्याबाहेर उभा असलेला माणूस सुरक्षित आहे असं समजू नये.

टाकीखाली आता मोठी आग होती. थोड्या वेळानं टाकीच्या माथ्यावरची सुरक्षा झडप दाब वाढल्यामुळे आपोआप उघडली आणि तिथून निघणारा वायूही पेटला. अग्निशमन दलाला तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या आगींचा अनुभव नव्हता. सुरक्षा झडप उघडली आहे, म्हणजे जास्तीचा दाब निघून जातोय, म्हणजे ही टाकी फुटणार नाही, असा त्यांचा समज झाला असावा. त्यांनी पाणी शेजारच्या टाक्यांवर मारलं. जळती टाकी तशीच राहिली. आग लागल्यापासून सुमारे दीड तासानं ती फुटली. जवळची माणसं जागीच गेली. टाकीच्या तुकड्यांनी शेजारच्या टाकीचे पाय कापले आणि तीही कोसळली. एकूण १८ माणसं मेली, ८१ जखमी झाली, आठपैकी पाच गोल टाक्या नष्ट झाल्या.

सुरक्षा झडप नीट चालत असताना टाकी का फुटली? या एका प्रश्नाच्या उत्तरावर आज जगभरातली एलपीजी साठवण उभी आहे.

टाकीत खाली द्रव असतो आणि वर वाफ. द्रव कधीच काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हात तो प्रसरण पावतो. साधारण ८५ टक्क्यांवर भरणं थांबवतात. आगीची झळ टाकीच्या खालच्या भागाला लागते तेव्हा आतला द्रव ती उष्णता शोषून घेतो आणि उकळत राहतो. त्यामुळे तिथलं पोलाद फारसं तापत नाही. वरच्या भागात मात्र पोलादाच्या आतल्या बाजूला फक्त वाफ असते, आणि वाफ उष्णता वाहून नेण्यात अगदीच कमकुवत. तिथला पत्रा कोरडा तापतो. पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांवर गेलं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सुरक्षा झडप दाब ठरावीक मर्यादेवर नेऊ देत नाही हे खरं, पण तेवढा दाबही आता त्या मऊ पडलेल्या पत्र्याला झेपत नाही. शिवाय झडपेतून वायू जितका बाहेर जातो तितकी आतली पातळी उतरते आणि कोरडा पत्रा वाढत जातो.

मग पत्रा उभा फाटतो. आतला शेकडो टन द्रव उकळबिंदूच्या खूप वर तापलेला असतो. दाब जाताच तो सगळा एका क्षणात उकळतो. द्रवाची वाफ झाली की ती सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. या स्फोटाला आगीचीही गरज नसते. तो उकळण्याचाच स्फोट आहे. आग शेजारी असल्यामुळे नंतर आगीचा गोळा उठतो, तो वेगळा. या प्रकाराला अभियंते इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ब्लेव्ह’ म्हणतात.

उत्तर इतकं साधं असेल तर उपायही साधा आहे: पोलाद ओलं ठेवा. पाण्याचा पातळ थर सतत वाहत असला तर पत्रा शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. भारतात यासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं ‘ओआयएसडी-१४४’ हे मानक आहे. टाकीच्या प्रत्येक चौरस मीटरवर मिनिटाला १०.२ लिटर पाणी पडलं पाहिजे, असं ते सांगते. हा आकडा कागदावर लहान दिसतो. फेझाँच्या टाकीला तो लावून पाहू. १,२०० घनमीटरच्या गोलाचं पृष्ठफळ सुमारे ५४५ चौरस मीटर होतं. म्हणजे मिनिटाला साडेपाच हजार लिटरहून अधिक पाणी. आपल्या गावात उन्हाळ्यात येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर दर दोन मिनिटांना रिकामा करावा, तेवढं. तेही एकाच टाकीसाठी. शेजारच्या टाक्यांना लागणारं पाणी वेगळं आणि हातातल्या नळांना लागणारं आणखी वेगळं. आग चार तास चालेल असं धरून साठा ठेवायचा असतो. एवढ्या एका टाकीचेच तेरा लाख लिटर होतात. एलपीजी प्लांटमध्ये शिरल्यावर पाण्याच्या अवाढव्य टाक्या दिसतात आणि त्यांच्याजवळ पंपघर असतं, त्याचं कारण हे. तिथे विजेच्या पंपाच्या जोडीला डिझेलवर चालणारे पंप असतात. आगीत सगळ्यात आधी वीज जाते हे अनुभवानं शिकलेलं आहे.

हे पाणी सुरू करायला कोणी माणूस टाकीपाशी जाण्याची वाट पाहिली जात नाही. टाकीभोवतीच्या बारीक पाइपांवर ठिकठिकाणी काचेचे छोटे बल्ब बसवलेले असतात, करंगळीपेक्षाही लहान. त्यांच्यात रंगीत द्रव आणि हवेचा एक बुडबुडा असतो. आसपासची हवा ७९ अंशांपर्यंत तापली की द्रव फुगून काच फोडतो. पाइपातला दाब त्या फुटलेल्या जागेतून निघून जातो आणि दाब पडताच पाण्याची मुख्य झडप आपोआप उघडते. वीज, संगणक, माणूस यांतल्या कशाचीही गरज नाही. मला या सगळ्या यंत्रणेत हा बल्ब सर्वांत विश्वासाचा वाटतो, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. बिघडतं ते पाण्याच्या बाजूला. फवाऱ्यांची तोंडं गंजानं आणि गाळानं बुजतात. पाणी प्रत्यक्ष सोडून, टाकीचा कोणता भाग कोरडा राहतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कळत नाही. पाहणी करणाऱ्यानं कोरडा पट्टा शोधायचा असतो, आणि तो टाकीच्या वरच्या अर्ध्या भागात सापडला तर तो दोष सर्वांत वाईट.

झडपांचंही असंच. आता टाकीच्या बुडाच्या नळीवर दुरून बंद करता येणारी झडप असते. हवेच्या दाबावर ती उघडी धरलेली असते, आणि हवा गेली किंवा नळी जळाली की आपोआप मिटते. टाकीखालची जमीन उताराची असते, म्हणजे सांडलेला द्रव तिच्या पोटाखाली साचून जळत न राहता बाजूला वाहून जावा. आणि आणखी पुढचं पाऊल म्हणजे टाकी मातीखाली घालणं. आडव्या लांबट टाक्या, ज्यांना या धंद्यात ‘बुलेट’ म्हणतात, त्या वाळू-मातीच्या ढिगात पुरून ठेवतात. आगीची ज्वाला पत्र्याला शिवतच नाही, त्यामुळे ब्लेव्ह व्हायचं कारणच उरत नाही. मात्र पुरलेल्या टाकीवर गंज चढला तर बाहेरून दिसत नाही, म्हणून लेपाची आणि विद्युत-रासायनिक संरक्षणाची काळजी जन्मभर घ्यावी लागते.

हे सगळं आग लागल्यानंतरचं. आग लागण्याआधी गळती कळली तर यातलं काहीच वापरावं लागणार नाही. मेक्सिको सिटीजवळच्या सान ह्वानिको इथे १९ नोव्हेंबर १९८४च्या पहाटे एलपीजीच्या डेपोत एक पाइप फुटला. नियंत्रण कक्षात दाब उतरलेला दिसला, पण कुठे आणि कशानं ते कळेना. तिथे गॅस ओळखणारी यंत्रणाच नव्हती. वायूचा ढग काही मिनिटं पसरत राहिला आणि पेटला. पहिल्याच धडाक्यात पाण्याची यंत्रणा निकामी झाली. मग एकामागून एक टाक्या फुटत गेल्या. सुमारे ५०० माणसं मेली, त्यातली बहुतेक डेपोच्या भिंतीपलीकडे झोपलेली. काही लांबट टाक्या बाराशे मीटरपर्यंत उडाल्या. आपल्याकडे १९९७च्या सप्टेंबरमध्ये विशाखापट्टणमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गळलेल्या एलपीजीनं असाच पेट घेतला आणि साठाच्या आसपास जीव गेले.

प्लांटमधले गॅसशोधक जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलेले असतात, कारण गॅस तिथेच असतो. पेट घेण्याच्या प्रमाणाचा एक पंचमांश झाला की ते घंटा वाजवतात. म्हणजे हवेत दोन टक्क्यांना धोका असेल तर अर्धा टक्का व्हायच्या आतच. त्यांच्यातल्या एका जुन्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात एक बारीक तापलेला मणी असतो. गॅस त्याच्यावर जळतो, मणी अधिक तापतो आणि त्यावरून प्रमाण कळतं. या मण्याला सिलिकोनच्या वाफेचं वावडं आहे. जवळपास कोणी सिलिकोनचं वंगण किंवा पॉलिश वापरलं तर मणी निकामी होतो, आणि मग तो शून्य दाखवत बसतो. गॅस असला तरी शून्य. म्हणून ठरलेल्या मुदतीत त्याच्या तोंडाशी नमुन्याचा गॅस धरून पाहावं लागतं. शून्यावर स्थिर असलेला काटा ही चांगली बातमी आहे की वाईट, हे ती चाचणी झाल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या सगळ्यांजवळ असलेला शोधक म्हणजे नाक. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. तो उग्र वास मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो, मुद्दाम मिसळलेला. पण नाकाला त्या वासाची सवय होते आणि काही वेळानं तो जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नाही.

मोठे प्लांट गावाबाहेर असतात. सिलिंडरचं गोडाऊन मात्र तालुक्याच्या गावातही असतं. त्याचा परवाना ‘पेसो’ म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना देते, आणि तिचं मुख्यालय नागपूरला आहे. आठ हजार किलोचं गोडाऊन म्हणजे घरगुती १४.२ किलोचे भरलेले साडेपाचशेहून अधिक सिलिंडर. तिथे मिनिटाला हजारो लिटर पाणी मिळणं शक्य नसतं. त्यामुळे तिथली सगळी भिस्त तीन गोष्टींवर आहे: मोकळी जागा, खेळती हवा आणि ठिणगी नसणं. चारही बाजूंनी ठरलेलं अंतर रिकामं सोडून कुंपण घालतात. भिंतींना वर जाळ्या असतात तशा अगदी जमिनीलगतही असतात, कारण जड गॅस तिथूनच बाहेर पडणार. जमिनीवर अस्फाल्टचा थर असतो, म्हणजे सिलिंडर आपटला तरी ठिणगी उडू नये. दिवे ज्वालारोधक असतात. यातली जमिनीलगतची जाळी गोणपाट किंवा पुठ्ठ्यानं बुजवलेली दिसली, तर त्या गोडाऊनचं अर्धं संरक्षण गेलं असं समजा. पावसाचं पाणी आत येतं म्हणून ती बुजवायचा मोह होतो.

गळका सिलिंडर सापडला तर पहिलं काम त्याला उभा ठेवणं. उभ्या सिलिंडरच्या तोंडाशी वाफ असते. आडवा पडला की तोंडाशी द्रव येतो, आणि त्याच भोकातून कितीतरी पट गॅस निघू लागतो. मग तोंडावर सेफ्टी कॅप घट्ट बसवून तो मोकळ्या जागेत, उताराच्या वरच्या अंगाला नव्हे तर लोकांपासून आणि गटारापासून दूर, न्यायचा. बहुतेक वेळा दोष असतो तो व्हॉल्व्हच्या आतल्या काळ्या रबरी ओ-रिंगचा. साबणाचं पाणी लावलं की तिथे बुडबुडे दिसतात.

आणि सिलिंडर पेटलेलाच असला तर? झडप बंद करता येत असेल तरच आग विझवायची. झडप बंद होत नसताना पावडर मारून ज्वाला विझवली, तर गॅस तसाच येत राहतो आणि खोली भरते. एका घरगुती सिलिंडरमध्ये सहा-साडेसहा घनमीटर वाफ असते, आणि हजार-अकराशे चौरस फुटांच्या घरातली सगळी हवा स्फोटक करायला तेवढी पुरते. जळणारी ज्वाला गॅस साचू देत नाही. तिला जळू देऊन त्या सिलिंडरवर आणि शेजारच्यांवर दुरून, आडोशाआडून पाणी मारत राहणं, हे अनुभवी अग्निशामक करतात. बघ्यांना ते निष्क्रिय वाटतं, पण तेच बरोबर असतं. पुरेसं पाणी नसेल, किंवा सुरक्षा झडपेचा आवाज चढत जाऊन ज्वाला लांबू लागली असेल, तर माणसं मागे घेणं हाच निर्णय. फेझाँत तो घेतला गेला नाही.

परवान्याशिवाय एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. घरगुती सिलिंडरचा हिशेब केला तर सात. आठवा आला की ते गोडाऊन झालं, आणि परवाना, मोकळं अंतर, जाळ्या यांतलं काहीच नसलेलं गोडाऊन झालं. हॉटेलच्या मागच्या बोळात, गाळ्याच्या पोटमाळ्यावर, लहान सिलिंडरमध्ये गॅस भरून देणाऱ्या टपरीत असे साठे असतात. तुमच्या इमारतीखाली असा साठा दिसला तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला आणि अग्निशमन दलाला कळवा. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर जा आणि तिथून १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा गॅसगळतीसाठीचा देशभरचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. तो आजच फोनमध्ये टाकून ठेवा.